मूळ संख्यांना हात न लावता: सरावसंच १ मधील सातवे उदाहरण

आमच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमात संख्या सिद्धांताचे हँडआउट एकेका प्रकरणाने पोर्टलवर चढवले जाते, आणि प्रत्येक सरावसंचाच्या वर ठळक अक्षरांत एकच सूचना असते: या पानापर्यंत सिद्ध केलेल्या गोष्टींखेरीज काहीही वापरू नये. पहिल्या सहा उदाहरणांपर्यंत ही सूचना कोणालाच जाणवत नाही. सातव्या उदाहरणाला मात्र ती अशी आडवी येते की, उत्तर माहीत असूनही माणूस कोऱ्या कागदासमोर बसून राहतो. मी नोकरी सांभाळून हा अभ्यासक्रम करतो, कळव्याहून ठाण्याला येऊन ट्रान्स-हार्बरने तुर्भ्याला जाताना मोबाइलवर हँडआउट वाचतो, आणि त्या प्रवासातला बराच वेळ या एका उदाहरणाने खाल्ला, याचा राग अजून पुरता गेलेला नाही.

उदाहरण असे आहे. a आणि b या धन पूर्णांकांचा मसावि १ आहे. a ने c ला निःशेष भाग जातो आणि b नेही जातो. तर ab या गुणाकाराने c ला निःशेष भाग जातो, हे सिद्ध करा.

शाळेत सातवी-आठवीपर्यंत शिकलेला कोणीही सांगेल की यात सिद्ध करण्यासारखे काय आहे. c चे मूळ अवयव पाडावेत. a चे सगळे मूळ अवयव त्यात आहेत, b चेही आहेत, दोघांत सामाईक असा एकही नाही, म्हणजे दोन्ही गट c मध्ये शेजारी शेजारी मावतात. झाले. पण मूळ संख्या आमच्या हँडआउटमध्ये दुसऱ्या प्रकरणात येतात. पहिल्या प्रकरणाची शिदोरी एवढीच: धन पूर्णांकांच्या रिक्त नसलेल्या कोणत्याही संचात सर्वांत लहान संख्या असते हे तत्त्व; निःशेष भाग जाण्याची व्याख्या आणि तिचे छोटे परिणाम; भागाकाराचे प्रमेय, म्हणजे कोणत्याही संख्येला b ने भागले असता ० ते b − 1 यांपैकी एकच बाकी उरते; आणि शेवटी, a व b यांचा मसावि d असेल तर ax + by = d होईल असे पूर्णांक x व y सापडतात, हे विधान.

ही सूचना म्हणजे निव्वळ शिस्तीचा सोस आहे, असे मला सुरुवातीला वाटले. पुढच्या प्रकरणाची पाने उलटून पाहिल्यावर तिच्यामागचे कारण दिसले. कोणत्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात हे तिथे सिद्ध केले आहे खरे, पण त्या सिद्धतेत याच सरावसंचातील आठव्या उदाहरणाचा आधार घेतला आहे, आणि आठवे उदाहरण सातव्याचे सख्खे भावंड आहे. या हँडआउटच्या क्रमात मूळ अवयवांनी सातवे सोडवणे म्हणजे ज्या भिंतीवर छप्पर उभे आहे, तीच भिंत छपराला टांगणे होय.

अवयव एकाच प्रकारे पडणे ही आपोआप मिळणारी गोष्ट नाही, हे पटवणारे एक जुने उदाहरण हिल्बर्टच्या नावाने ओळखले जाते. चारने भागल्यावर बाकी १ उरते अशाच संख्या जगात आहेत असे समजा: १, ५, ९, १३, १७, २१ आणि पुढे. यांतील कोणत्याही दोन संख्यांचा गुणाकार याच यादीत पडतो. या जगात ३ नाही आणि ७ नाही, त्यामुळे ९ आणि २१ यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. १ सोडून दोघांचा सामाईक विभाजकही नाही. आता ४४१ घ्या. ती ९ × ४९ आहे आणि २१ × २१ सुद्धा आहे. म्हणजे ९ ने भाग गेला, २१ ने भाग गेला, पण ९ × २१ म्हणजे १८९ ने ४४१ ला भाग जात नाही. आमचे सातवे उदाहरण त्या जगात चक्क खोटे ठरते. त्या जगात गुणाकार आहे, पण बेरीज-वजाबाकी नाही. ५ आणि ९ यांची बेरीज १४ होते आणि ती यादीबाहेर जाते. केवळ गुणाकाराच्या बळावर हे उदाहरण सुटणार नाही आणि कुठेतरी बेरीज आणावीच लागेल, हा सुगावा मला इथे मिळायला हवा होता. प्रत्यक्षात मी आणखी बराच भटकलो.

भागाकाराचे प्रमेय हाताशी होते, म्हणून मी त्यापासून सुरुवात केली. a ने c ला भाग जातो, म्हणून c = am. या m ला b ने भागले, m = bq + r लिहिले, आणि r शून्य आहे एवढे दाखवले की काम संपले, असा बेत होता. आकडेमोड केल्यावर मिळते ते इतकेच की b ने ar ला भाग जातो आणि r ही b पेक्षा लहान आहे. इथे गाडी थांबते. a आणि b मध्ये सामाईक काही नाही, म्हणून b ने r लाच भाग गेला पाहिजे, असे म्हणण्याचा मोह अनावर होतो. पण ते वाक्य म्हणजेच आठवे उदाहरण, जे अजून सिद्ध झालेले नाही. आमच्या गटातील एकाने नेमके हेच वाक्य लिहून उत्तर पाठवले आणि ते ‘आधार?’ एवढ्या एकाच शब्दाच्या शेऱ्यासह परत आले. त्याचाही दोष नव्हता. पोर्टलवर हँडआउटची सुधारित प्रत कोणतीही सूचना न देता चढवली गेली होती, आणि त्याच्याजवळच्या जुन्या प्रतीत आठवे उदाहरण सातव्याच्या आधी होते. प्रतीवर तारीख नाही, फाइलचे नाव तेच. तेव्हापासून मी प्रत्येक उत्तराच्या माथ्यावर हँडआउट कधी उतरवून घेतले ते लिहितो आणि विधानाच्या क्रमांकासोबत विधानही पूर्ण लिहितो, कारण क्रमांक बदलतात, विधान बदलत नाही.

अडलेल्या जागेतून बाहेर पडलो ते एका साध्या तपासणीमुळे. मसावि १ ही अट काढून टाकली, तर विधान खोटे होते: ६ ने १२ ला भाग जातो, ४ नेही जातो, पण २४ ने जात नाही. याच आकड्यांवर माझी बाकीची पद्धत चालवून पाहिली. १२ = ६ × २, म्हणून m = २; त्याला ४ ने भागले तर बाकी २. शून्य नाही, आणि ४ ने ६ × २ ला भाग मात्र जातो. म्हणजे माझ्या कागदावर तोवर लिहिलेली प्रत्येक ओळ या खोट्या प्रकरणातही खरी होती. दिलेली अट मी अजून वापरलीच नव्हती, आणि ती वापरल्याशिवाय किती पाने भरली तरी फळ मिळणे शक्य नव्हते. कोणत्याही उदाहरणात अडल्यावर पहिली गोष्ट हीच पाहावी: कोणती दिलेली अट अजून कागदावर उतरलेली नाही?

मग प्रश्न उरला की ही अट उतरवायची कशी. ‘सामाईक विभाजक नाही’ हे नकारात्मक वाक्य आहे आणि त्यावर आकडेमोड करता येत नाही. पहिल्या प्रकरणात त्याचे समीकरणात रूपांतर करणारे विधान एकच आहे, ते शेवटचे:

ax + by = 1

हवी होती ती बेरीज इथे आहे. आपल्याला माहिती c बद्दल आहे, म्हणून दोन्ही बाजूंना c ने गुणले:

c = acx + bcy

पहिल्या पदात a आधीच आहे, b नाही. म्हणून तिथल्या c च्या जागी b ची पट ठेवावी. दुसऱ्या पदात b आहे, तिथल्या c च्या जागी a ची पट ठेवावी. c = am = bn असेल, तर

c = a(bn)x + b(am)y = ab(nx + my)

आणि सिद्धता संपली. मी जवळपास प्रवासभर पहिल्या पदातल्या c च्या जागी am ठेवत होतो आणि a चा वर्ग पाहून वैतागत होतो. अदलाबदल लक्षात आल्यावर रबाळे आणि घणसोलीच्या दरम्यान दोन ओळींत उत्तर उतरले, आणि तेव्हा झालेला आनंद शेजारच्या प्रवाशाला सांगावा असा होता.

अक्षरांवर विश्वास बसत नसेल तर आकड्यांनी पाहावे. a = ८, b = १५, c = २४० घ्या. ८ × २ − १५ × १ = १. दोन्ही बाजूंना २४० ने गुणले तर २४० = २४० × ८ × २ − २४० × १५. पहिल्या २४० चे १५ × १६ करा, दुसऱ्याचे ८ × ३०. पहिले पद १२० × ३२ झाले, दुसरे १२० × ३०, वजाबाकी १२० × २. एकशेवीस दोन्ही पदांतून आपोआप बाहेर आले, आणि कोणाचेही मूळ अवयव पाडावे लागले नाहीत. x किंवा y ऋण असल्याने काहीही बिघडत नाही. विधान पूर्णांकांचे आहे, धन संख्यांचे नाही, हे मात्र हँडआउटमध्ये नीट वाचून ठेवावे.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. सरावसंच उघडण्यापूर्वी प्रकरणातली सर्व विधाने एका अर्ध्या पानावर, आपल्या शब्दांत नव्हे तर जशीच्या तशी, उतरवून घ्यावीत. आमच्या प्रकरणाची यादी इतकी आखूड होती की, ‘यांपैकी मसावि कोणत्या विधानात येतो?’ असे विचारले असते तर उत्तर लगेच मिळाले असते.

घणसोलीच्या मित्राने हेच उदाहरण शेवटचे विधान न वापरता सोडवले, आणि ती सिद्धताही स्वीकारली गेली. शाळेत लसावि × मसावि = दोन संख्यांचा गुणाकार असा नियम असतो; तो हँडआउटमध्ये नाही, म्हणून नुसता लिहिता येत नाही. त्याने लसाविचे नाव न घेता a आणि b या दोघांच्याही पटीत असलेली सर्वांत लहान धन संख्या L घेतली. ती आहे हे पहिल्याच पानावरचे तत्त्व सांगते. c ला L ने भागले तर उरणारी बाकीही दोघांच्या पटीत असते आणि L पेक्षा लहान असते, म्हणून ती शून्यच. त्याच कारणाने L ने ab लाही भाग जातो; ab = Ld लिहू. L ही b ची पट आहे, L = bs, म्हणून ab = bsd, म्हणजे a = sd; तसेच L ही a ची पट असल्याने d ने b लाही भाग जातो. मग d हा सामाईक विभाजक, तो १ च असणार, आणि L = ab. या वाटेवर मसाविची अट अगदी शेवटच्या ओळीत लागते, माझ्या वाटेवर पहिल्याच ओळीत. त्याची सिद्धता माझ्यापेक्षा लांब आहे, पण ती प्रकरणाच्या शेवटच्या पानापर्यंत जातच नाही, आणि खरे सांगायचे तर मला त्याचा थोडा हेवा वाटला.