पिशवी नंबर चार

ताईच्या लग्नाची यादी मी केली होती. पिशव्या नऊ, प्रत्येकीला नंबर, आत काय आणि कुणाकडे. पहिलीत होमाचं: समिधा, तूप, लाह्या, सुपाऱ्या, हळकुंडं. दुसरीत मुंडावळ्या, अंतरपाट, उपरणी. चौथीत अक्षतांच्या पुड्या. बोरिवलीहून दादरच्या हॉलवर सगळ्या मोजून आल्या, एकही राहिली नाही. माझी छाती फुगली होती.

पहिला फोन आला सकाळी साडेआठला, पण तो कुणी घेतलाच नाही. फुलवाला हॉलखाली आला होता. हार, वेण्या, गजरे, सुटी फुलं, सगळं घेऊन. यादीत त्याच्यापुढे नंबर बाबांचा. बाबा पुण्याहवाचनाला बसलेले, अंगावर सोवळं. सोवळ्याला खिसा नसतो. फोन वरच्या खोलीत, पँटच्या खिशात थरथरत होता. तिसऱ्यांदा कुणी उचलेना, म्हणून त्याने दिसेल त्या लग्नात माल दिला आणि निघून गेला. त्या हॉलमध्ये एकाच दिवशी तीन मजल्यांवर तीन लग्नं होती. आमचे हार दुसऱ्या मजल्यावरच्या नवरीच्या मावशीने ताटात मांडूनही ठेवले होते. मागायला गेले तेव्हा तिने माझ्याकडे चोराकडे बघावं तसं पाहिलं. शेवटी ऑर्डरची चिठ्ठी दाखवून सोडवले.

मुहूर्त अकरा चाळीसचा. भटजींनी अंतरपाट धरायला सांगितला तेव्हा लक्षात आलं, अक्षता वाटल्याच नाहीत. पिशवी नंबर चार वधूपक्षाच्या खोलीत, खोलीला कुलूप (दागिने होते, त्यामुळे बरोबरच), आणि चावी आईच्या कमरेला. आमच्याकडे मंगलाष्टकं चालू असताना मुलीची आई समोर थांबत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. हॉलची तुळस स्वयंपाकघरामागच्या गच्चीत. मी शालू सावरत धावले. आई डोळे पुसत पाण्याची धार धरून होती. चावी मागितली, तर म्हणाली, "अगं, मलाच आठवायचं होतं ना गं ते!" पुड्या घेऊन मंडपात पोचेपर्यंत तिसरं मंगलाष्टक संपत आलं होतं. मागच्या दोन रांगांनी नुसतेच हात वर केले.

यादीत वस्तू होती, पिशवी होती, माणूस होता. तो माणूस त्या घटकेला कुठे बसलेला असेल, हा रकाना नव्हता. आई, बाबा, भाऊ, मामा, म्हणजे ज्यांच्यावर सगळ्यात जास्त विश्वास, तेच नेमके विधीत अडकलेले. मामा नवरीला मंडपात आणायला, भाऊ लाह्या द्यायला आणि कानपिळीला. चावी अशा माणसाकडे हवी, ज्याला भटजी एकदाही हाक मारणार नाहीत.

परवा काकूने धाकट्या चुलतबहिणीसाठी तीच यादी मागितली. मी नवा रकाना घालून पाठवली. चावी धाकट्या आत्याच्या मिस्टरांकडे दिली, त्यांना कुठल्याच विधीत काम नाही. संध्याकाळी काकूने यादी परत पाठवली. त्यांच्या नावापुढच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "पहिल्या पंगतीत."