वडीचा भाव वाढवला, त्याची पाटी कशी लिहिली – माझा अनुभव

मालवणात आमचं छोटंसं दुकान आहे, ओल्या नारळाची वडी, कोकम आगळ, लाडू, पीठं असलं घरगुती सगळं. गिऱ्हाईक म्हणाल तर आळीतलंच जास्त, सीझनला टुरिस्ट. या वर्षी वडीचं पाव किलोचं पाकीट ११० चं १२० करायचं ठरलं आणि दहा रुपयांपेक्षा ते सांगायचं कसं याचंच टेन्शन जास्त होतं, कारण रोज तोंड बघायची माणसं आहेत ही.

आपल्याकडे जी नेहमीची पाटी लागते ना, "वाढत्या महागाईमुळे नाइलाजास्तव दरवाढ करण्यात येत आहे, ग्राहकांनी सहकार्य करावे", ती मला लावायचीच नव्हती. त्यातून काहीच कळत नाही, काय वाढलं, किती वाढलं, आणि नाइलाज म्हटलं की लगेच वाटतं हे लपवतायत काहीतरी.

म्हणून आधी वही काढून एका पाकिटाचा हिशोब मांडला. पाव किलो वडीला साधारण अर्धा नारळ जातो. गेल्या वर्षी आम्ही नारळ २२ ला घ्यायचो, आता तोच ३८ ला पडतो, म्हणजे पाकिटामागे ८ रुपये इथेच गेले. कामाला दोघी मावश्या आहेत, त्यांची मजुरी ३५० ची ४०० केली, दिवसाला ४० पाकिटं होतात म्हणजे पाकिटाला सव्वा सव्वा असे अडीच. बॉक्स चारचा साडेपाचला झाला. टोटल १२. साखर आणि दूध आहे तिथेच आहे, मग ते लिहायचंच नाही, कारण साखरेचा भाव आळीतल्या प्रत्येक बाईला पाठ असतो, एक खोटं कारण घुसवलं की बाकीची तीन खरी असून पण कोण विश्वास ठेवणार.

हे म्हणत होते भाव तोच ठेवून पाकीट २२५ ग्रॅमचं करूया. मी नाही म्हटलं. वजन पाकिटावर छापावं लागतंच, पण बारीक अक्षरात कोण वाचतो, आणि घरी नेऊन वड्या मोजल्यावर दोन कमी निघाल्या तर ते भाववाढीपेक्षा जास्त लागतं माणसाला.

पाटी अशी लिहिली, मोठ्या अक्षरात, भाव सगळ्यात वर:

"१ ऑगस्टपासून नारळवडी पाव किलो १२० रु. (आता ११०). नारळ २२ चा ३८ झाला, पाकिटामागे ८ रु. कामाच्या मावश्यांची मजुरी वाढवली, २.५० रु. बॉक्स १.५० रु. वजन, साहित्य तेच. आगळ, लाडू, पिठांचे भाव तेच आहेत. ३१ जुलैपर्यंत दिलेल्या ऑर्डर, गणपतीच्या पण, ११० नेच."

बेरीज १२ येते आणि आम्ही १० च वाढवले, पण "२ रुपये आम्ही सोसतोय" असं मुद्दाम लिहिलं नाही, ते उपकार केल्यासारखं वाटतं, ज्याला बेरीज करायची तो करेल. नारळ का वाढला, माकडं, कमी आलेलं पीक, दक्षिणेतला भाव, हे पण नाही लिहिलं. मी जे पैसे मोजते तेवढंच सांगितलं, त्यापुढे गेलं की पाटीचं भाषण होतं. आणि माफी पण नाही मागितली, मजुरी वाढवली यात माफी कसली.

पाटी जुलैच्या मध्यालाच लावली. गणपतीच्या तोंडावर वाढवलं असतं तर चाकरमान्यांना लुटायला वाढवलं असंच झालं असतं, आणि पावसात गिऱ्हाईक कमी असतं तेव्हा उभं राहून बोलायला वेळ मिळतो. एक होमस्टेवाल्या ताई महिन्याला बरीच पाकिटं नेतात, त्यांना मात्र पाटीच्या आधीच फोन केला, त्यांना त्यांचे रेट ठरवायचे असतात.

बहुतेकांनी वाचलं आणि पाकीट घेतलं. प्रश्न विचारला तो शेजारच्या तात्यांनी, "मगे नारळ उतारलो की वडी पण उतरवतलस काय?" आता इथे "बघू" म्हणणं सोपं होतं. पण प्रश्न रास्तच होता. परत वही काढली, नारळ २८ ला आला तर पाकिटामागे ५ कमी होतात. म्हटलं, "व्हय तात्यानू, २८ झालो की ११५." आणि पाटीच्या खाली तेवढी ओळ पेनने घातली, दिवाळीनंतर नारळाचा भाव परत बघणार, २८ किंवा कमी असेल तर वडी ११५. मजुरी खाली येणार नाही म्हणून ११० चं वचन दिलं नाही.

कोणी असं करणार असेल तर एक लक्षात ठेवा, पाकिटावर छापलेल्या एमआरपीवर जास्त भावाचा स्टिकर चिकटवता येत नाही. आमच्याकडे ११० छापलेली पाकिटं १ तारखेला शिल्लक होती, ती संपेपर्यंत ११० नेच दिली.