सत्काराला उत्तर देताना

रविवार, रात्री.

आज आमच्या वाचनालयाच्या वर्धापनदिनी माझा सत्कार झाला. गंगाखेड परिसरातल्या गावात सत्कार म्हटला की शाल, श्रीफळ, फेटा आणि मानपत्र हे आलेच. त्यानंतर सत्कारमूर्तीने उत्तरादाखल चार शब्द बोलायचे असतात. हे चार शब्द आठवडाभर माझ्या डोक्यात घोळत होते, आणि खरे सांगायचे तर त्यातला पहिला परिच्छेदच सर्वांत अवघड गेला.

अडचण अशी की सत्कारमूर्ती उभा राहण्याआधीच सूत्रसंचालकाने त्याचा परिचय वाचलेला असतो, आणि तो परिचय नेहमीच थोडा फुगवलेला असतो. आजही शाळेतल्या तरुण गुरुजींनी मला ‘ज्ञानतपस्वी’ करून टाकले. आता यानंतर आपणच आपला परिचय का द्यावा? माझे मत असे की द्यावा, पण तीन-चार वाक्यांतच, आणि तो सूत्रसंचालकाच्या परिचयाची पुनरावृत्ती नसावी. वाचून दाखवलेल्या परिचयात पदे आणि वर्षे असतात. आपण स्वतः सांगताना, आपण कोणाच्या हाताखाली शिकलो आणि प्रत्यक्षात काय काम केले, एवढेच सांगावे. त्यामुळे फुगवलेला परिचय न खोडता आपोआप जमिनीवर येतो.

‘मी या सत्काराला मुळीच पात्र नाही’ हे वाक्य मात्र मी जाणूनबुजून टाळले. वरवर ते नम्र वाटते, पण ज्यांनी बैठक घेऊन आपले नाव ठरवले त्यांचा निर्णयच आपण चुकीचा ठरवतो, आणि श्रोत्यांनाही ‘नाही, नाही, आहात’ असे मनातल्या मनात म्हणावे लागते. नम्रपणे ओळख कशी द्यावी याचा धडा खरे तर आपल्या मराठवाड्यातल्या संतांनी घालून दिलेला आहे. पैठणच्या नाथांनी ‘एका जनार्दनी’ अशी नाममुद्रा वापरली आणि गुरू जनार्दनस्वामींचे नाव आपल्या नावाला कायमचे जोडून घेतले. आमच्या गंगाखेडच्या जनाबाईंनी स्वतःला ‘नामयाची दासी’ म्हटले. दोघांनीही स्वतःला कमी लेखले नाही, फक्त आपण कोणाचे आहोत ते सांगितले.

तेच धोरण धरून मी संबोधनानंतर असे बोललो : “मी याच गावचा. या वाचनालयाचे पहिले ग्रंथपाल असलेल्या गुरुजींच्या हाताखाली मी पुस्तकांवर क्रमांक घालायला शिकलो. दाखल-नोंदवही त्यांनी सुरू केली, मी ती पुढे चालवली, आणि संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी बसलो. आपण आज ज्याचा सत्कार केलात तो माणूस एवढाच आहे, आणि त्या कामाची आपण आठवण ठेवलीत म्हणून मी आपला ऋणी आहे.” शेवटच्या वाक्यात परिचय संपतो आणि आभार सुरू होतात. हा सांधा जमला की भाषण अडखळत नाही. तो जमला नाही, तर वक्ता ‘असो’ म्हणतो आणि नव्याने सुरुवात करतो.

पुढे आभारातही एक भेद पाळावा लागतो. मंडप, ध्वनिक्षेपक आणि जेवणावळीचे आभार शेवटी आभारप्रदर्शन करणाऱ्याचे असतात. सत्कारमूर्ती ती यादी वाचू लागला, तर त्याचे काम हिरावले जाते आणि एखादे नाव हमखास सुटते. मी आभार मानले ते तिघांचे : कार्यकारिणीचे, कारण सत्कार त्यांनी ठरवला, वाचकांचे, आणि शिपाईमामांचे. पुस्तके बांधणीला न्यावीत, पावसाळ्यात कपाटांच्या मागची भिंत ओलावली की रात्री येऊन पुस्तके हलवावीत, ही कामे मामांची होती. ती कामे नेमकी सांगितली तेव्हा मागच्या रांगेतली कुजबुज थांबली. ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ याने ती थांबली नसती.

एक व्यावहारिक गोष्ट नोंदवून ठेवतो. सत्कार झाल्या झाल्या माइकसमोर नेतात, तेव्हा एका हातात नारळ असतो, दुसऱ्यात मानपत्राची चौकट, खांद्यावरची शाल घसरत असते आणि भाषणाचा कागद सदऱ्याच्या खिशात, शालीच्या आत. मी नारळ आणि चौकट शेजारच्या कार्यकर्त्याकडे दिली, शाल तशीच राहू दिली आणि कागद काढलाच नाही. पहिली चार वाक्ये पाठ होती, तेवढे पुरले. शाल काढून खुर्चीवर टाकणे मला बरे दिसत नाही, हा माझा जुनाटपणा असेल.

अध्यक्षांना पुढच्या गावी जायचे होते, म्हणून बोलणे पाच मिनिटांच्या आत आवरले. कागदावरचा वाचनालयाच्या इतिहासाचा भाग त्यामुळे गळला. अध्यक्षीय भाषणात तो आलाच. आता वार्षिक अहवालासाठी सचिवांनी भाषणाची प्रत मागितली आहे. तीत गळलेला भाग मी घालणार नाही, पण शिपाईमामांचे पूर्ण नाव घालणार आहे, कारण व्यासपीठावरून मी त्यांना मामाच म्हणालो होतो.