हिशेब मार्चपर्यंतचा

«दिवाळीच्या तोंडावर लोकांना बोनस कमी आहे म्हणून सांगताना तुम्हाला काहीच वाटत नाही का हो? आणि सांगता तरी काय?»

वाटतं. न वाटायला काय झालं? पण गणपतीत, लग्नात, अगदी बडोद्याच्या दांडियाबाजारात भाजी घेतानाही हे ऐकलं की माझी पहिली उडी बचावाकडेच जाते. आकडा मी ठरवत नाही, तो ताळेबंदातून येतो, मी फक्त कारखान्याचं पर्सनल खातं सांभाळतो वगैरे. ते खरंच आहे. पण 2020 मध्ये मी जे केलं त्याला हे उत्तर पुरत नाही.

मकरपुरा जीआयडीसीतला आमचा कारखाना, शंभराच्या आतबाहेर माणसं. कित्येक वर्षं आम्ही 20 टक्के बोनस देत होतो. बोनसच्या कायद्यात त्याहून वर जाता येत नाही आणि 8.33 च्या खाली, तोटा असला तरी, येता येत नाही. लोकांना मात्र वीस हा बोनसच वाटायचा नाही, पगाराचा तेरावा महिना वाटायचा. त्या वर्षी बारा निघाले. बाराशे-पंधराशेचा फरक असेल असं बाहेरच्याला वाटतं, म्हणून एकदा मांडतो. हिशेबाला धरायचं वेतन महिना 12,000 समजा, वर्षाचं 1,44,000. वीस टक्क्यांनी 28,800 मिळाले असते, बारानं 17,280. फरक 11,520 रुपयांचा. त्या वर्षी शाळा मोबाइलवर भरत होत्या आणि आमच्या एका फिटरनं दसऱ्यालाच मुलीसाठी फोन हप्त्यावर घेतला होता. पहिला मोठा हप्ता बोनसमधून, असं दुकानदाराला सांगून. मला हे नंतर कळलं, पण दसऱ्याआधी सांगितलं असतं तर त्यानं फोन घेतला असता का, हा प्रश्न मला आजही अडवतो. आकडा आमच्याकडे दसऱ्याआधी तयार होता.

आम्ही सांगितलं 9 नोव्हेंबरला, सोमवारी. शुक्रवारी धनतेरस. पाठीमागच्या अंगणात सगळे मास्क लावून लांब लांब उभे. मी गुजरातीत बोललो, जसं नेहमी बोलतो, आणि पहिल्याच वाक्यात कारण दिलं: कोरोना. काम बंद होतं, ऑर्डरी गेल्या, कंपनी तरली हेच खूप. कोरोना सगळ्यांच्याच तोंडात होता, तो दिला की पुढे कोणी काही विचारत नाही असा माझा अंदाज होता. शेठही म्हणाले होते, हेच सांग.

लेथवरचे आमचे एक काका आहेत, तेव्हा निवृत्तीला तीन-चार वर्षं राहिलेले, मराठी, घरच्यासारखे. ते पुढे आले आणि मराठीत विचारलं, «साहेब, बोनस मागच्या वर्षाचा ना? हिशेब मार्चपर्यंतचा. मार्चात बंद पडलं ते फार तर आठवडाभर. मग कोरोना कुठून आला?»

अंगणातल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. काकांना गुजराती माझ्याइतकीच चांगली येते. त्यांनी मराठीत विचारलं ते मला चारचौघांत उघडं पाडू नये म्हणून, मला माघार घ्यायला वाट ठेवून. मी काय केलं? मी गुजरातीत उत्तर दिलं, मोठ्यानं, पुन्हा कोरोनाच. वर म्हणालो, कायद्यानं आम्हाला 8.33 च देता आले असते. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ते नुसतं उद्धट नव्हतं, चुकीचंही होतं. कायदा असा उपकार करायची मुभा देत नाही. वाटण्याजोगी शिल्लक बारा निघाली तर बारा द्यावेच लागतात.

आणि खरं कारण? एका मोठ्या गिऱ्हाइकानं पैसे बुडवले. 2019-20 च्या पुस्तकात ते बुडीत लिहावे लागले आणि नफा खाली आला. त्या वर्षाच्या एकट्या शिल्लकेतून जेमतेम नऊ टक्के निघत होते. उरलेले तीन कुठून आले, तर मागच्या चांगल्या वर्षांतून. वीस टक्के देऊनही ज्या वर्षी शिल्लक उरते, ती ठरावीक मर्यादेपर्यंत पुढे ओढतात आणि चार वर्षांच्या आत बोनससाठीच वापरतात. तिला सेट ऑन म्हणतात. लोकांच्याच जुन्या वर्षांची साठवण लोकांना परत मिळाली होती. म्हणजे खरं सांगितलं असतं तर ते माझ्या थापेपेक्षा बरं दिसलं असतं.

मग का नाही सांगितलं? गिऱ्हाइकाचं नाव बाहेर पडलं की बाकीचे उधारीवाले सोकावतात, असं शेठना वाटत होतं. ते अगदीच चुकीचं नव्हतं. आजही मला ठामपणे म्हणवत नाही की मी नाव सांगायला हवं होतं. नाव न घेता बुडीत उधारी म्हणता आलं असतं, हे मात्र तेव्हा सुचलं नाही. की सुचलं होतं आणि सोपं कारण हाताशी होतं? माझं मलाच कळत नाही.

आणखी एक. लोकांना वाटलं मला पूर्ण मिळाला. माझा पगार तेव्हा 21,000 च्या वर होता, मी त्या कायद्यात बसतच नव्हतो. त्या वर्षी मला आणि सुपरवायझरांना काहीच नव्हतं. ते मी बोललो नाही, रडगाणं वाटेल म्हणून. काही जणांनी वर्षभर माझ्याकडे त्याच नजरेनं पाहिलं. ते मी चालवून घेतलं. कदाचित मला तेवढी शिक्षा हवी होती.

खरी फजिती पुढच्या वर्षी झाली. 2020-21, म्हणजे कोरोनाचं वर्ष. शिल्लक नव्हती, सेट ऑन संपलेला, बोनस 8.33. या वेळी कारण शंभर टक्के कोरोनाच. आणि मी तोंड उघडायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, «कोरोना, ना?» सगळे हसले. मीही.

मग मी तोंडी काही सांगितलंच नाही. शिल्लक कशी काढली तो कागद आणि सेट ऑन-सेट ऑफचं रजिस्टर टेबलावर ठेवलं, गुजरातीत खाली समजावून लिहिलेलं. तेही दसऱ्याच्या आधी. ऑडिटर नाराज होते, म्हणाले असं कोणी दाखवतं का. बहुतेकांनी वरवर पाहिलं आणि गेले.

काकांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ओळ न् ओळ वाचली. शेवटच्या रकान्यात आकडा होता, त्या वर्षी किमान बोनस द्यायला जितकी शिल्लक कमी पडली तो. ते म्हणाले, «हे सेट ऑफ. म्हणजे पुढच्या चांगल्या वर्षातनं आधी हे वळतं होणार?»

«हो.»

«किती वर्षं?»

«चौथ्या वर्षापर्यंत.»

«तोवर मी काही असायचा नाही,» काका म्हणाले आणि बोनस रजिस्टरवर सही करायला माझ्याकडे पेन मागितलं.