पावसाचे वीस लाख, बाकीचे आपले

सरांचा मेल काल संध्याकाळी टीमला गेला. जुलै ते सप्टेंबरच्या तिमाहीत आमच्या टेरिटरीचं टार्गेट चार कोटींचं होतं आणि रिटर्न वजा जाता हातात आले तीन कोटी दहा लाख. कीटकनाशकं-तणनाशकं विकणाऱ्या कंपनीत खरिपाची तिमाही बुडाली की वर्षच लंगडं होतं, त्यामुळे मेल येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. असे मेल मी याआधीही वाचलेत. त्यात पाऊस असतो, बाजार मंद असतो, स्पर्धक कंपनीने भाव पाडलेला असतो आणि शेवटच्या ओळीत ‘आपण सगळे मिळून कमबॅक करू’ असतं.

हा मेल तसा नव्हता. पाठवण्याआधी आकडे तपासायला सरांनी तो माझ्याकडे दिला होता. डीलरांचे स्टॉक स्टेटमेंट आणि क्रेडिट नोट माझ्याच टेबलावरून जातात, म्हणून. पहिल्या मसुद्यात तीन परिच्छेद पावसावर होते. खोटं काहीच नव्हतं त्यात. सोयाबीनमधलं उगवणीनंतरचं तणनाशक पेरणीनंतर साधारण पंधरा ते वीस दिवसांत मारावं लागतं, तण दोन-चार पानांवर असतानाच. यंदा नेमका त्याच दिवसांत आमच्या पट्ट्यात पाऊस लागून राहिला. वावरात पाय ठेवता येत नव्हता, फवारणी कुठून होणार? ती वेळ गेली की शेतकरी मजूर लावून निंदण करतो, मग डब्याला कोणी विचारत नाही.

मी सरांसमोर फक्त काटोल आणि उमरेडचे स्टेटमेंट शेजारी-शेजारी ठेवले. काटोलच्या डीलरांनी मागच्या हंगामात सोयाबीनचं तणनाशक शेतकऱ्यांना विकलं होतं बावीस लाखांचं. यंदा जूनमध्ये आपण तिथे टाकलं चाळीस लाखांचं. त्यातलं एकवीस लाखांचं परत आलं. उमरेडला मागच्या वर्षी पंधरा विकलं, यंदा सोळा टाकलं, परत आलं दोन. पाऊस दोन्हीकडे पडला. काटोलच्या शेतकऱ्यांनी मागच्या वर्षीपेक्षा तीन लाखांचंच कमी घेतलं. उरलेले अठरा लाख मुळात कोणाला हवेच नव्हते.

सर बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले. मग म्हणाले, “मॅडम, पावसाचा वाटा काढून ठेवू. तेवढाच लिहू.”

तो वाटा निघाला वीस लाखांचा. कपाशी आणि सोयाबीनवरच्या पुढच्या फवारण्यांचे जे रिपीट ऑर्डर जुलै-ऑगस्टमध्ये यायचे, ते आलेच नाहीत, तो हा आकडा. पंधरा लाख गेले दोन मोठ्या डीलरांची उधारी क्रेडिट लिमिटच्या वर गेल्यामुळे. सिस्टिमने बिलिंगच लॉक केलं. आणि पंचावन्न लाख परत आलेल्या मालाचे. नव्वदचा हिशोब एवढाच.

आमच्या धंद्यात कंपनीने डीलरला बिल फाडलं की त्याला विक्री म्हणतात. आम्ही त्याला प्लेसमेंट म्हणतो. डीलरच्या काउंटरवरून शेतकऱ्याच्या हातात माल गेला की ते लिक्विडेशन. पगार, इन्सेन्टिव्ह, रिव्ह्यू सगळं पहिल्यावर चालतं आणि पैसा मात्र दुसऱ्यातूनच येतो. तीस जूनच्या आत माल उचलला तर जादा सूट, अशी स्कीम वरून आली होती. सरांनी ती अर्ध्यावर वापरायची सोडून पूर्ण रेटली. एप्रिल ते जून ही तिमाही हिरवीगार दिसली. काटोलमध्ये फिरणारा आमच्या टीममधला मुलगा तेव्हाच फोनवर म्हणाला होता, “ताई, डीलर स्कीमपायी माल घेऊन राहिले. गोडाऊनमंदी जागा नाही त्यायच्या.” ऑगस्टमध्ये तेच डबे क्रेडिट नोटांनी परत आले. रिटर्न ज्या तिमाहीत येतो त्याच तिमाहीतून वजा होतो, म्हणजे जूनची शाबासकी आणि सप्टेंबरचा खड्डा हा एकच माल होता. डीलर तरी का ठेवेल? डब्यावर एक्सपायरी छापलेली असते आणि सोयाबीनचं तणनाशक पुढच्या जूनपर्यंत नुसतं पडून राहणार.

दुसऱ्या मसुद्यात सर पार दुसऱ्या टोकाला गेले. ‘मनापासून माफी’ तीन ठिकाणी, ‘मी तुमचा विश्वास गमावला’ एकदा. मला ते नको वाटलं. अशा मेलवर मुलं ‘नाही सर, आम्ही सोबत आहोत’ असं लिहितात, आणि दिलासा देण्याचं काम उलट त्यांच्यावरच येऊन पडतं. शिवाय पंचावन्न लाखांतले सात-आठ लाख पावसामुळेही परत आले असणार. उमरेडला माल मोजून टाकला होता, तरी सोळातले दोन परत आलेच की. सर म्हणाले, “राहू द्या माझ्याकडेच.” मी म्हटलं, सर, पावसाचा वाटा कमी सांगणंही चूकच आहे, पुढच्या जूनला माल किती टाकायचा ते याच आकड्यावरून ठरवाल तुम्ही. मग एक ओळ वाढली.

शेवटी जे गेलं त्यातला मधला भाग इथे उतरवून ठेवते.

“जूनमध्ये प्रत्येक डीलरला किती माल जाईल, ती यादी मी मंजूर केली. तुमच्यापैकी दोघांनी फोन करून सांगितलं होतं की माल खपणार नाही. मी ऐकलं नाही. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात स्टॉक स्टेटमेंट पाहून मला कळलं होतं की काटोल, नरखेड आणि सावनेरचा माल परत येणार. तरी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मी रिव्ह्यूमध्ये टार्गेट गाठू असंच सांगत राहिलो. वरच्यांना आणि तुम्हालाही. ते पाच-सहा आठवडे हातात असते तर माल उमरेड-भिवापूरकडे वळवता आला असता.”

यादी कोणी मंजूर केली हे धीर करून अजून कोणी लिहिलंही असतं. पण आपल्याला कधी कळलं होतं ती तारीख सहसा कोणी लिहीत नाही, कारण टार्गेट चुकणं हा अंदाजाचा दोष ठरवता येतो. कळल्यावर गप्प बसणं तसं ठरवता येत नाही. काटोलच्या मुलाचं नाव मेलमध्ये कुठेच नाही. सगळ्यात जास्त रिटर्न त्याच्याच तालुक्यातून आहे आणि आकड्यांच्या तक्त्यात ते सहज दिसलं असतं, म्हणून सरांनी तक्ताच लावला नाही.

पुढच्या तिमाहीचा भाग मला जास्त आवडला, कारण त्यात काय करायचं नाही ते आधी आहे. नवे डीलर नेमण्याचं टार्गेट डिसेंबरपर्यंत बंद. गव्हाच्या तणनाशकावर यंदा वेगळा जोर नाही. उमरेड, भिवापूर, कुही इथे हरभरा. काटोल-नरखेडला संत्रा आणि जुनी वसुली. वसुलीची वेळही हीच आहे. सोयाबीन निघून विकलं जातं तेव्हा शेतकरी डीलरचे पैसे देतो आणि डीलर आपले. त्याच्या आत कितीही फोन केले तरी “दिवाळीपर्यंत थांबा ना साहेब” एवढंच ऐकायला मिळतं.

हरभऱ्यात ऑक्टोबरमध्ये फक्त बीजप्रक्रियेचा माल जाईल. मर रोगासाठी जे काही करायचं ते पेरणीआधीच करावं लागतं, त्यामुळे तो आत्ताच काउंटरवर हवा. घाटेअळीचं औषध मात्र नोव्हेंबर संपेपर्यंत बिल करायचं नाही. अळीचा जोर पीक फुलावर येऊन घाटे धरू लागल्यावर होतो, आणि मीटरभर ओळीत एक-दोन अळ्या दिसू लागल्या की फवारायचं असतं. ऑक्टोबरमध्ये ते औषध डीलरकडे टाकलं की पुन्हा जूनच झाला. म्हणजे ऑक्टोबरचं बिलिंग पडणार, रिव्ह्यूत लाल दिसणार. सरांनी तेही लिहिलं: ऑक्टोबर लाल दिसेल, त्याचं उत्तर मी देईन.

पण माझं एका गोष्टीवर समाधान झालेलं नाही. मुलांचा इन्सेन्टिव्ह अजूनही बिलिंगवरच आहे. ते सरांच्या हातात नाही, पॉलिसी वरून येते. मेलमध्ये त्याबद्दल एकच वाक्य आहे की झोनलकडे विषय मांडला आहे. संध्याकाळी सावनेरच्या मुलाचा फोन आला. “सरचं सारं बरोबर आहे ताई, पण नोव्हेंबरले माह्या हप्ता कोण भरून देईन?” मोटरसायकलचा हप्ता त्याचा. मी काय सांगणार? तो बाजूच्या कंपनीच्या पोरांना बघतोय, ते आत्ताच घाटेअळीचं औषध टाकून राहिलेत. मेल कितीही प्रामाणिक असला तरी हा प्रश्न त्याने सुटत नाही, आणि झोनलकडून उत्तर आलं नाही तर नोव्हेंबरच्या मधल्या आठवड्यात कोणी ना कोणी गुपचूप माल टाकेलच.

ते पकडायचं काम आता माझ्याकडे आहे. दर शनिवारी प्रत्येक मुलाने डीलरच्या गोडाऊनमध्ये जाऊन डबे मोजायचे. सुरुवातीचा साठा अधिक आलेला माल, त्यातून आजचा साठा वजा केला की आठवड्याची खरी विक्री. डीलरला फोनवर विचारून आकडा भरायचा नाही, हे मेलमध्ये ठळक केलंय.

आज पहिला शनिवार होता. सहापर्यंत बहुतेक शीट आल्या. उमरेडची नेहमीसारखी नेटकी: ४७, ११३, ८. काटोलच्या मुलाने सोबत फोटोही पाठवलेत, त्याला कोणी सांगितले नव्हते. नरखेडच्या शीटमध्ये मात्र ५०, १००, २००, पुन्हा ५०. मोजलेला साठा इतका गोल कधी येत नाही. सरांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सकाळी आधी त्या मुलाला फोन करीन, आणि गोडाऊनमध्ये उभा राहूनच मला परत फोन लाव म्हणीन.