पाणी कधी चढलं?

"बाई, विज्ञान प्रदर्शनाला पालकांचं स्वागत करताना तुम्ही दोनच मिनिटं बोलता. एवढ्यात काय सांगता?"

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आमच्या प्राथमिक शाळेत प्रदर्शन भरतं. पालक अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून आलेले, कुणाच्या कडेवर धाकटं मूल. १९२८ साली रामन यांनी काय शोधलं, ते मुलांनी फळ्यावर लिहिलेलंच असतं. मी म्हणते, "या, आत या. प्रत्येक टेबलापाशी आधी एवढंच विचारा, 'तू काय पाहिलंस?' मूल अडखळलं तर त्याच्या वतीने उत्तर देऊ नका. मनात दहापर्यंत मोजा."

हे मला एका पालकाने शिकवलं. चौथीतल्या एका मुलीने ताटलीत रंगीत पाणी घेऊन मधोमध मेणबत्ती पेटवली होती आणि तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला होता. ज्योत विझते, पाणी ग्लासात चढतं. "ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," असं ती घडाघडा सांगत होती. ते वाक्य मीच तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कितीतरी ठिकाणी ते तसंच सांगितलं जातं.

एका मुलाचे वडील वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "पाणी कधी चढलं गं?"

तिला सांगता येईना. तिने पुन्हा करून दाखवलं, आणि या खेपेला आम्ही सगळ्यांनी नीट पाहिलं. ग्लास ठेवताना कडेखालून दोन-तीन बुडबुडे बाहेर आले. ज्योत जळत होती तोवर पाणी जेमतेम हललं. ज्योत विझली आणि मग ते सरसर वर गेलं. ऑक्सिजन संपल्यामुळे पाणी चढत असतं, तर ते ज्योत जळत असताना हळूहळू चढायला हवं होतं. खरं तर ज्योतीच्या उष्णतेने ग्लासातली हवा फुगते आणि थोडी बाहेर पडते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा थंड होऊन आकसते, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. ऑक्सिजन खर्च होतो, पण सगळा नाही. शिवाय जळताना कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफही तयार होते.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने त्याच ग्लासाखाली तीन मेणबत्त्या लावल्या. ग्लासातला ऑक्सिजन तेवढाच, तरी पाणी आदल्या दिवशीच्या खुणेच्या बरंच वर गेलं. ती नवी खूण तिने स्वतः स्केचपेनने केली.

तेव्हापासून माझ्या भाषणाच्या शेवटी एक वाक्य वाढलंय. "मुलाने पाठ केलेलं बोलून दाखवलं, तर 'पुन्हा करून दाखव' म्हणा, सामान जास्तीचं ठेवलंय. काडेपेटी मात्र माझ्याकडे आहे, ती मागायला या."