इन्व्हेस्टमेंट क्लबच्या पहिल्या मीटिंगला मी काय बोलले – माझा अनुभव

आमच्या सांगलीच्या कॉलेजात यंदा इन्व्हेस्टमेंट क्लब सुरू झाला आणि सरांनी सुरुवातीचं भाषण मला करायला सांगितलं. मी टीवायबीकॉमला आहे, शेअर ठेवायचं डीमॅट खातं दुसऱ्या वर्षाला असताना उघडलं होतं. सर एवढंच म्हणाले, "मुलांना शिकायला सुरुवात करावीशी वाटेल असं काहीतरी बोल." चक्रवाढ व्याजाचा तो नेहमीचा तक्ता मी आधी काढून ठेवला होता पण तो सगळ्यांनी रील्समध्ये पाहिलेला असतो, म्हणून तो सोडला आणि ठरवलं की एक शेअर घेतला की पैशाचं नेमकं काय होतं तेवढंच फळ्यावर मांडायचं, त्यातून प्रश्न आपोआप येतील.

समजा ५०० रुपयांचा एक शेअर घेतला आणि आठवड्याने ५१० ला विकला. वर्गाला विचारलं किती सुटले, सगळे म्हणाले दहा. मग एकेक वजा करत गेले. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता खात्यात घेतला तर, ब्रोकरेज शून्य धरलं, काही डिस्काउंट ब्रोकर घेत नाहीत. एसटीटी म्हणजे सरकारचा कर, घेताना आणि विकताना ०.१ टक्का, दोन्ही मिळून साधारण रुपया. स्टँप ड्युटी आणि एक्स्चेंजचे चार्जेस पैशांत. आणि मग डीपी चार्ज. शेअर तुमच्या डीमॅटमधून बाहेर जाताना तो लागतो, ब्रोकरप्रमाणे बदलतो पण १५ च्या आसपास धरा, आणि तो एका कंपनीला एका दिवसाचा असतो, एक शेअर विका नाहीतर शंभर विका तेवढाच. म्हणजे दहा रुपये कमावणारा माणूस सहा रुपये तोट्यात! हेच शंभर शेअर असते तर हजारातून शंभरेक रुपये एसटीटी, तोच १५ चा डीपी चार्ज, बाकी किरकोळ, आणि टॅक्सच्या आधी साधारण ८७० हातात राहिले असते. पाचशे-हजार रुपये घेऊन आठवड्याला घे-वीक करणाऱ्या मुलांचा पैसा कुठे जातो ते इथे दिसतं.

आमच्याकडे बऱ्याच जणांच्या घरी हळद आहे, म्हणून मी त्यांना मार्केट यार्डातली पट्टी आठवायला सांगितली. सौद्यात भाव काय निघाला ते सगळे गावभर सांगतात पण घरात आई बघते ती पट्टीच्या खालची रक्कम, हमाली तोलाई जाऊन उरलेली. शेअरमधली पट्टी म्हणजे कॉन्ट्रॅक्ट नोट, ज्या दिवशी व्यवहार केला त्याची ती ईमेलवर येते आणि बहुतेक जण ती उघडतच नाहीत. माझी एक जुनी कॉन्ट्रॅक्ट नोट नाव-नंबर झाकून प्रोजेक्टरवर लावली आणि ओळीने वाचली. एक गोष्ट मात्र तिच्यात सापडत नाही, तो डीपी चार्ज, तो ब्रोकरच्या लेजरमध्ये वेगळा पडतो, त्यामुळे दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय खरा आकडा कळत नाही.

इथे मागच्या बाकावरून प्रश्न आला, "ताई, पण ॲपमध्ये तर हिरवं दिसतं ना?" मला हाच प्रश्न हवा होता. स्क्रीनवरचा नफ्याचा हिरवा आकडा कोणीही तयार करू शकतं. टेलिग्रामवरून लिंक पाठवून खोटी ॲप देतात, त्यात रोज नफा वाढताना दिसतो, आणि पैसे काढायला गेलं की आधी "टॅक्स भरा" म्हणतात. ओळखायचं कसं? खऱ्या व्यवहारात शेअर ब्रोकरकडे नसतात, सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीत तुमच्या नावावर असतात, आज घेतले की पुढच्या कामाच्या दिवशी जमा होतात आणि व्यवहार झाला असेल तर महिन्याचं एकत्रित स्टेटमेंट डिपॉझिटरीकडून थेट येतं. ते स्टेटमेंट नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट नाही, आणि पैसे कुणा माणसाच्या खासगी खात्यात पाठवायला सांगतायत, तर तिथे शेअर नाहीतच. हे मी दोनदा सांगितलं, कारण होस्टेलवर अशा लिंक खरोखर फिरतात.

मग ऑप्शन. ते टाळून चालणारच नव्हतं, निम्मी मुलं त्यासाठीच आली होती आणि तसं सरळ म्हणालीही. बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले होते, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन करणाऱ्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात, सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, आणि शेवटच्या वर्षात एफ अँड ओ करणाऱ्यांतले ४३ टक्के लोक तिशीच्या आतले. आकडा ऐकून मुलं गप्प झाली पण पटलेलं दिसत नव्हतं, प्रत्येकाला आपण उरलेल्या ७ टक्क्यांत आहोत असं वाटतंच. म्हणून परत उदाहरण. निफ्टी २५,००० वर आहे, तुम्हाला वाटतं वर जाणार, तुम्ही २५,२०० चा कॉल, म्हणजे एक्स्पायरीला, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, निफ्टी २५,२०० च्या जितका वर असेल तितके पैसे मिळण्याचा हक्क, ६० रुपये प्रीमियमने म्हणजे किमतीला घेतला, २०२५ मधला ७५ चा लॉट धरला तर ४,५०० रुपये गेले. एक्स्पायरीला निफ्टी २५,१५० वर बंद झाला. अंदाज बरोबर होता, बाजार १५० पॉइंट वर गेला, आणि तरी कॉलची किंमत शून्य. एक्स्पायरीपर्यंत धरून ठेवला तर निफ्टी २५,२६० च्या वर गेल्यावरच नफा सुरू होतो, तोही चार्जेस सोडून. म्हणजे दिशा, किती आणि कधीपर्यंत ही तिन्ही बरोबर यावी लागतात. शिवाय वेळ रोज प्रीमियम खात असतो, विकणाऱ्याच्या बाजूने. यानंतर एकाने शांतपणे विचारलं की मग लोक घेतात का, आणि सरांनीच उत्तर दिलं, "अरे ४,५०० मध्ये मोठ्या रकमेवर खेळल्यासारखं वाटतं म्हणून."

"मग सुरुवात कशाने करायची?" एका फर्स्ट इयरच्या मुलीने विचारलं. मी म्हटलं, निफ्टीसारख्या निर्देशांकातलेच शेअर घेणाऱ्या इंडेक्स फंडात छोटी एसआयपी चालेल पण फीचे पैसे त्यात नकोत. जानेवारी २०२० च्या मध्याला निफ्टी १२,३६२ वर होता, २३ मार्चला ७,६१० वर, म्हणजे शंभराचे बासष्ट. तेव्हा नोव्हेंबरपर्यंत भरून निघालं, पण २००८ च्या जानेवारीतली पातळी सेन्सेक्सला परत दिसायला नोव्हेंबर २०१० उजाडला, आणि परीक्षेची फी काही तोपर्यंत थांबत नाही. ज्या पैशाची पाच-सात वर्षं गरज नाही तेवढेच. तिच्याकडे असे पैसे नव्हतेच, आणि मला वाटतं तिने सुरुवात करायला काही हरकत नाही, कारण शिकायला शेअर घ्यावाच लागतो असं नाही.

क्लबचे नियम तिथेच ठरले. टिप्स द्यायच्या नाहीत, कुणाचे पैसे गोळा करून एकत्र गुंतवायचे नाहीत. पुढच्या मीटिंगला प्रत्येकाने घरात ज्यांची वस्तू वापरली जाते अशी एक लिस्टेड कंपनी निवडायची, तिचा वार्षिक अहवाल तिच्याच वेबसाइटवरून फुकट उतरवायचा आणि त्यातून फक्त दोन आकडे पाच वर्षांचे वहीत लिहायचे, निव्वळ नफा आणि धंद्यातून आलेली रोख. नफा दरवर्षी वाढतोय पण रोख येत नाहीये असं दिसलं तर उधारी किंवा पडून राहिलेला माल वाढलाय का ते बॅलन्स शीटमध्ये शोधायचं. त्या फर्स्ट इयरच्या मुलीने टूथपेस्टची कंपनी घेतली, मी स्वतः सायकलच्या टायरची घेतलीय.